एक फोटो, तीन चौकटी

नागपुरात राहणाऱ्या माणसाने झीरो माइलचा फोटो काढला नाही असं सहसा होत नाही. विधान भवनाच्या जवळ, सीताबर्डीच्या गर्दीत एक वालुकाश्माचा उंच सडपातळ खांब, त्याच्या बाजूला चार घोडे, आणि जवळच '१९०७' कोरलेला सर्वेक्षण खात्याचा एक छोटा दगड. त्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली आहे, १०२०.१७१ फूट. हा भारताचा मध्यबिंदू आहे की नाही यावर चहाच्या टपरीवर तास-दीड तास वाद घालता येतो, पण तो विषय आज नाही. आजचा विषय आहे या जागेच्या आकाराचा. खांब उभा आहे आणि घोडे आडवे पसरलेले आहेत. म्हणजे ज्याला हा फोटो वेबसाइटच्या बॅनरवर, चौकोनी पोस्टमध्ये आणि मोबाइलच्या उभ्या पडद्यावर, अशा तिन्ही ठिकाणी वापरायचा आहे, त्याची परीक्षाच आहे म्हणा ना.

माझ्याकडे एका मित्राने काढलेला या जागेचा फोटो आहे. रुंदी ६००० पिक्सेल, उंची ४०००. डावीकडून चार घोडे ओळीने, मग खांब. खांबाचा मध्य डाव्या कडेपासून बरोबर ४००० पिक्सेलवर आहे, म्हणजे रुंदीच्या दोन-तृतीयांशावर. रूल ऑफ थर्ड्स ज्याला म्हणतात तो इथे अगदी वहीत आखल्यासारखा पाळलेला आहे. फोटो छान दिसतो, वाद नाही.

आता यातून मोबाइलसाठी ९:१६ ची उभी चौकट काढू. उंची पूर्ण ४००० घेतली तर रुंदी मिळते २२५०. बहुतेक सॉफ्टवेअर काही न सांगता मधोमध कापतात, म्हणजे १८७५ पासून ४१२५ पर्यंत. खांब साधारण ३०० पिक्सेल रुंद आहे, ३८५० ते ४१५०. झालं! खांबाची उजवी कड कापली गेली आणि उरलेला खांब चौकटीला चिकटून उभा राहिला. मूळ फोटोत जो नियमाचा आदर्श नमुना होता, तो उभ्या चौकटीत चुकून आत आलेल्या माणसासारखा दिसतो.

यावरून एक प्रश्न पडतो. हा रूल ऑफ थर्ड्स नक्की कशाचा नियम आहे? फोटोचा की चौकटीचा? त्याचा इतिहास शोधायला गेलं तर बरीच मजेदार माणसं आणि यंत्रं भेटतात.

नियम आला कुठून

या नावाचा जुना छापील उल्लेख सापडतो तो १७९७ सालचा. तेव्हा कॅमेरा नव्हताच. जॉन थॉमस स्मिथ नावाचा लंडनचा एक खोदचित्रकार होता. त्याने ग्रामीण दृश्यं कशी रंगवावीत यावर एक पुस्तक लिहिलं. सर जोशुआ रेनॉल्ड्स हा तेव्हाचा मोठा चित्रकार. त्याने आधी असं मांडलं होतं की चित्रात दोन सारख्याच ताकदीचे उजेड असू नयेत, एक मुख्य असावा आणि बाकीचे त्याच्या हाताखालचे. स्मिथने हा विचार पुढे नेला. मुख्य म्हणजे किती आणि हाताखालचा म्हणजे किती, याला त्याने माप दिलं. एकाला साधारण दोन-तृतीयांश, दुसऱ्याला एक-तृतीयांश. आकाश आणि जमीन, उजेड आणि सावली, पाणी आणि काठ, सगळीकडे हेच प्रमाण.

लक्षात घ्या, स्मिथ ज्याबद्दल बोलत होता ते भागांचं प्रमाण होतं. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांची जी जाळी दिसते, आणि 'विषय चार छेदनबिंदूंपैकी एकावर ठेवा' असं जे सांगतात, ते नंतरच्या काळातलं आहे. भाग वाटण्याचा नियम हळूहळू बिंदू ठेवण्याचा नियम झाला.

आपल्या कामासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे. बिंदू हा चौकटीवर अवलंबून असतो. चौकट बदलली की दोन-तृतीयांशाची जागाही बदलते. वरच्या फोटोत मधोमध चौकोन कापला (१००० ते ५०००) तर तोच खांब ६७ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर सरकतो, आणि मधल्या उभ्या कापात ९४ टक्क्यांवर जाऊन आदळतो. प्रमाणाचं तसं नाही. 'यात मुख्य कोण आणि दुय्यम कोण' हा निर्णय एकदा झाला की तो कुठल्याही चौकटीत नेता येतो. घोडे आणि खांब मुख्य, आकाश आणि रस्ता दुय्यम, हे बॅनरलाही लागू आहे आणि उभ्या पडद्यालाही. म्हणून तिन्ही आकारांसाठी काम करताना स्मिथचा जुना अर्थच जास्त उपयोगी पडतो.

चौकोनी निगेटिव्हचे दिवस

एका फोटोतून अनेक आकार काढणं ही वेबसाइटवाल्यांची कल्पना आहे असं आपल्याला वाटतं. तसं अजिबात नाही. १९२९ साली जर्मनीत रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. दोन भिंगं एकावर एक, आणि वरून खाली बघायचं. पुढे त्याच धर्तीचे याशिकासारखे जपानी कॅमेरे आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत आणि लग्नांच्या मांडवात वर्षानुवर्षं वापरले गेले. ज्यांच्या घरी आई-वडिलांच्या लग्नाचा अल्बम आहे त्यांनी तो काढून बघा, चौकोनी फोटो सापडण्याची बरीच शक्यता आहे.

या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौकोनी असायची. म्हणायला ६ बाय ६ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५.६ च्या आसपास. चौकोनीच का? कारण कॅमेरा पोटापाशी धरून वरून बघायचा असतो. तो आडवा करून उभा फोटो घ्यायचा म्हटलं तर फोटोग्राफरलाच आडवं व्हावं लागेल. त्यामुळे सोपा मार्ग असा, की सगळं चौकोनात घ्यायचं आणि आडवं हवं की उभं हे नंतर डार्करूममध्ये ठरवायचं. छपाईचा कागद मात्र चौकोनी नसायचा. ८ बाय १० इंचाच्या कागदावर छापायचं तर चौकोनाचा एक-पंचमांश भाग सोडून द्यावा लागतो. म्हणजे चांगल्या फोटोग्राफरला शटर दाबतानाच माहीत असायचं की कडेचा भाग आपला नाही, तो कापणाऱ्याचा आहे.

आणि कापायचे कसे? पुठ्ठ्याचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे घ्यायचे. ते प्रिंटवर समोरासमोर ठेवले की मध्ये एक चौकट तयार होते. तुकडे सरकवत राहायचं, चौकट लहान-मोठी, उभी-आडवी करत राहायचं, आणि जिथे डोळा थांबेल तिथे मेणाच्या पेन्सिलीने खुणा करायच्या. आज माउसने चौकटीचा कोपरा धरून ओढतो ना, तेच हे. फरक एवढाच की तेव्हा अनडू नव्हतं, पण मूळ निगेटिव्हही कोणी कापत नसे.

वर्तमानपत्रात हा खेळ आणखी कडक होता. नागपूरचंच उदाहरण घ्यायचं तर 'हितवाद' १९११ पासूनचा. खिळ्यांच्या छपाईच्या त्या काळात कुठल्याही पेपरात फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. एक कॉलमी ब्लॉक, दोन कॉलमी ब्लॉक, तीन कॉलमी ब्लॉक. एक कॉलम म्हणजे जेमतेम दोन इंच. सभेचा आडवा फोटो एका कॉलमात बसवायचा तर वक्त्याचं डोकं आणि खांदे एवढंच उरायचं. तोच फोटो तीन कॉलमी लावला तर व्यासपीठही यायचं. उपसंपादकाला जागा किती मिळाली यावर वाचकाला सभा दिसणार की नुसता माणूस, हे ठरायचं. हा मुद्दा डोक्यात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

'शोले' आणि काचेवरच्या रेषा

या सगळ्या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र सिनेमातलं आहे, आणि तेही सगळ्यांनी पाहिलेल्या सिनेमाचं.

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झाला, मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं चालला, हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या पोस्टरवर ७० एमएम असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. पण तो ७० एमएमच्या कॅमेऱ्याने चित्रित झालेला नाही! ते कॅमेरे फार महाग पडत. सिनेमा नेहमीच्या ३५ एमएम फिल्मवर, ४:३ च्या चौकटीत घेतला गेला आणि नंतर मोठा करून २.२:१ च्या रुंद चौकटीत आणला गेला.

आता आकडेमोड करू. ४:३ म्हणजे रुंदी उंचीच्या १.३३ पट. ती रुंदी तशीच ठेवून २.२ पटीची चौकट हवी असेल तर उंची कमी करावी लागते. १.३३ भागिले २.२ म्हणजे ०.६. म्हणजे उंचीचा ६० टक्के भाग राहतो, वर-खाली मिळून ४० टक्के जातो. पनवेलजवळ चित्रित झालेला तो रेल्वेचा प्रसंग आठवा. धावती गाडी, छतावर माणसं, बाजूने घोडे. हे सगळं ६० टक्के उंचीत बसवायचं. आणि जिथे ७० एमएमची सोय नव्हती त्या थिएटरात ३५ एमएमची प्रिंट जायची. म्हणजे एकच चित्रण, दोन चौकटी.

हे जमतं कसं? त्यासाठी सिनेमावाल्यांची एक साधी युक्ती आहे. कॅमेऱ्यातून ज्या काचेवर दृश्य दिसतं त्या काचेवर दुसऱ्या चौकटीच्या रेषा आखून ठेवायच्या. कॅमेरामन सगळी चौकट बघतो, पण महत्त्वाचं सगळं रेषांच्या आत ठेवतो. रेषांच्या बाहेर मोकळी जागा असते, पण ती पूर्ण मोकाट सोडता येत नाही. तिथे माइकचा दांडा किंवा दिव्याचा स्टँड आला तर दुसऱ्या प्रिंटमध्ये तो दिसणार. थोडक्यात काय, आतला भाग गोष्टीसाठी आणि बाहेरचा भाग स्वच्छ ठेवण्यासाठी. आजच्या भाषेत याला सेफ एरिया म्हणतात.

मग आला टीव्ही, आणि उलटा प्रश्न तयार झाला. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३. त्यावर रुंद सिनेमा पूर्ण भरून दाखवायचा तर डावी-उजवी बाजू कापावी लागते, आणि २.२ च्या चौकटीतून पुन्हा ६० टक्केच रुंदी राहते. कोणीतरी बसून प्रत्येक दृश्यात चौकट डावीकडे की उजवीकडे हे ठरवायचं. त्यामुळे जुन्या टीव्हीवर अनेक रुंद सिनेमांत दोन माणसांचं संभाषण म्हणजे एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान, आणि मध्ये रिकामी भिंत, असं दिसायचं. ज्यांचं लहानपण चौकोनी टीव्हीसमोर गेलंय त्यांना हे सांगायची गरज नाही.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा मूळ ४:३ चित्रण बाजूला ठेवलं आणि रुंद प्रिंटवरूनच टीव्हीसाठी कापलं. पहिल्या कापात ६० टक्के उरले, दुसऱ्या कापात त्याचे ६० टक्के. हातात आले मूळ चित्राचे ३६-३७ टक्के. आणि गंमत म्हणजे आकार पुन्हा तोच, ४:३! म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो, फक्त वाटेत जवळजवळ दोन-तृतीयांश चित्र सांडून आलो. म्हणून नियम असा, की प्रत्येक आकार मूळ फोटोतूनच कापायचा. कापलेल्यातून पुन्हा कापायचं नाही. बॅनर तयार झाला म्हणून त्याच बॅनरमधून चौकोन काढणारे लोक मी ऑफिसात रोज बघतो, आणि मग 'फोटो ब्लर का दिसतोय' हा प्रश्नही रोजच येतो.

ब्राउझर काय करतो

काचेवरच्या रेषांची जागा आता एका बिंदूने घेतली आहे. त्याला फोकल पॉइंट म्हणतात. फोटोसोबत दोन आकडे साठवायचे, डावीकडून किती टक्के आणि वरून किती टक्के. चौकट कुठलीही असो, कापताना या बिंदूचा आधार घ्यायचा. ब्राउझरमध्ये ते असं लिहितात:

```css
.photo {
  width: 100%;
  height: 100%;
  object-fit: cover;
  object-position: 67% 45%;
}
```

यात `cover` म्हणजे चौकट पूर्ण भरा, जास्तीचं कापा. पण दुसऱ्या ओळीतल्या टक्क्यांचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा लावतात. त्यांना वाटतं ६७ टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्या मध्यभागी येईल. तसं होत नाही. फोटोतला ६७ टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्याही ६७ टक्क्यांवर बसवला जातो. हे गणित नवीन नाही. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये `background-position` साठी हेच होतं.

आता गंमत बघा. या अर्थामुळे रूल ऑफ थर्ड्स आपोआप टिकतो. जो खांब मूळ फोटोत दोन-तृतीयांशावर आहे तो चौकोनातही दोन-तृतीयांशावर आणि उभ्या चौकटीतही दोन-तृतीयांशावर. मित्राच्या फोटोत उभी चौकट आता २५०० पासून ४७५० पर्यंत येते आणि खांब तिच्यात १५०० वर, म्हणजे पुन्हा ६७ टक्क्यांवर. कड कापली जात नाही. मधोमध कापण्यापेक्षा हे किती तरी बरं.

पण घोड्यांकडे बघितलं की अडचण कळते. चौथा घोडा, म्हणजे खांबाजवळचा, पूर्ण आत आहे. तिसरा घोडा २२०० ते २८०० मध्ये आहे, आणि चौकट २५०० ला सुरू होते. म्हणजे अर्धा घोडा! बिंदूला रुंदी नसते, घोड्याला असते. फोकल पॉइंटची मर्यादा ही आहे. तो सांगतो कुठे बघायचं, किती राखायचं ते सांगत नाही.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे चौकट थोडी सरकवणं. २८२५ पासून कापलं तर एक अख्खा घोडा आणि खांब राहतो. खांब ५२ टक्क्यांवर, जवळजवळ मध्यभागी येतो. तृतीयांश गेला, पण अर्धा घोडा ठेवण्यापेक्षा हे चांगलं. नियम आणि अर्धवट कापलेली आकृती यांच्यात निवड करायची वेळ आली तर नियम सोडावा. माणसांच्या फोटोत हे जास्त जाणवतं. घोट्याशी किंवा मनगटाशी कापलेला माणूस नियमाच्या कितीही बरोबर जागी असला तरी विचित्रच दिसतो.

बॅनरचं मात्र सरकवूनही भागत नाही. ३:१ चा बॅनर म्हणजे ६००० बाय २०००. खांबाचं टोक वरून ७०० वर आणि पायथा ३१०० वर, म्हणजे उंची २४००. दोन हजारांत चोवीसशे कसे बसणार? इथे कुठलाही फोकल पॉइंट, कुठलाही नियम चालत नाही. या फोटोतून पूर्ण खांबाचा बॅनर निघूच शकत नाही.

तिन्हीत सामाईक किती

म्हणून उत्तर फोटो काढण्याआधी शोधावं लागतं, 'शोले'वाल्यांसारखं. ६००० बाय ४००० च्या फोटोतून तीन चौकटी काढायच्या आहेत: बॅनर ६००० बाय २०००, चौकोन ४००० बाय ४०००, उभी २२५० बाय ४०००. या तिन्ही एकमेकींवर ठेवा. तिन्हींत सामाईक भाग उरतो २२५० बाय २०००. रुंदी उभ्या चौकटीने ठरवली, उंची बॅनरने ठरवली, आणि चौकोनाला काही विचारलंच नाही, तो नेहमीच आत बसतो. हा भाग संपूर्ण फोटोच्या एक-पंचमांशापेक्षाही थोडा कमी आहे. जे दिसलंच पाहिजे ते सगळं या तुकड्यात बसलं पाहिजे.

मी तिथेच, पण बरंच मागे जाऊन दुसरा फोटो काढला. सगळं आधीच्या ६० टक्के आकाराचं आलं. खांब १४४० पिक्सेल उंच, वरून १५०० ते २९४०. घोडे आणि खांब मिळून २१४० पासून ४०९० पर्यंत, म्हणजे १९५० रुंद. सामाईक भागात रुंदीने बसतात, उंचीनेही बसतात.

यावेळी फोकल पॉइंट खांबावर न ठेवता सगळ्या समूहाकडे बघून ठरवला. डावीकडून ५४ टक्के, वरून ६० टक्के. तपासून बघू. उभी चौकट २०२५ ते ४२७५, चारही घोडे आणि खांब आत, डावीकडे ११५ आणि उजवीकडे १८५ पिक्सेल मोकळे. बॅनर वरून १२०० ते ३२००, खांबाच्या वर ३०० आणि खाली २६० मोकळे. चौकोन १०८० ते ५०८०, त्यात खांब ७३ टक्क्यांवर. तृतीयांशाच्या जरा पलीकडे, पण डावीकडे चार घोड्यांचं वजन आहे, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. बॅनरमध्ये तो मूळच्या ६७ टक्क्यांवर. दोन आकडे, तीन चौकटी, आणि एकही घोडा अर्धा नाही.

एवढं मागे जायला परवडतं का? पिक्सेल मोजा. मोबाइलचा उभा पडदा १०८० बाय १९२० धरला तर आपल्याकडे २२५० बाय ४००० आहेत, दुपटीपेक्षा जास्त. परवडतं. पण हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून १६०० पिक्सेल रुंदीचा होऊन आला, तर उभ्या कापात फक्त ६०० पिक्सेल रुंदी मिळते. ती १०८० पर्यंत ताणली की खांबाच्या कडा मऊ पडतात आणि घोड्यांच्या आयाळीचा लगदा होतो. तेव्हा कापण्यात दोष शोधू नये, मूळ फाइल मागवावी.

आणि काही फोटो या हिशेबात बसतच नाहीत. पंधरा जणांची एक ओळ घ्या. ती २२५० मध्ये बसवायला इतकं मागे जावं लागतं की चेहरे ओळखू येत नाहीत. अशा वेळी हट्ट सोडून उभ्या पडद्याला वेगळाच फोटो द्यावा. ब्राउझरमध्ये त्यासाठी `picture` हा टॅग आहेच.

कापलेलं कुठे जातं

इथपर्यंत सगळं घोड्यांवर निभावलं. माणसांवर आलं की गोष्ट बदलते.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोर जमलेल्या लाखो अनुयायांना दिली. आता अशा प्रसंगाचा एखादा रुंद फोटो तुमच्या हातात आहे असं समजा. एका बाजूला व्यासपीठ, आणि समोर क्षितिजापर्यंत माणसं. फोकल पॉइंट कुठे ठेवाल? बहुतेक जण विचार न करता व्यासपीठावर ठेवतील. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअरही तेच करील. बॅनरमध्ये सगळं दिसेल. पण उभ्या चौकटीत ३७-३८ टक्केच रुंदी उरते, आणि तिथे फक्त व्यासपीठ राहील. एकट्याने घेतलेली दीक्षा आणि लाखोंसोबत घेतलेली दीक्षा या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या दिवसाचं मोठेपण ज्यात आहे ती गर्दी चौकटीबाहेर जाईल. आणि आज बहुतेक लोक बघतात ती उभी चौकटच.

एक कॉलमी ब्लॉकची गोष्ट आठवली ना? सभा दिसणार की नुसता माणूस, ती हीच निवड आहे. फरक एवढाच, की उपसंपादक फोटो हातात घेऊन ती निवड करत होता आणि आता ती सेटिंगमधले दोन आकडे करतात, प्रत्येक पडद्यावर, कोणी न बघता. अशा फोटोत बिंदू व्यासपीठ आणि गर्दी यांच्या सीमेवर ठेवावा. चेहरा तृतीयांशाच्या बाहेर, अगदी कडेजवळ गेला तरी चालेल, पण दोन्ही आत हवेत. स्मिथच्या भाषेत सांगायचं तर इथे दोन-तृतीयांश गर्दीला आणि एक-तृतीयांश व्यासपीठाला.

असो. माझी सध्याची पद्धत सांगून थांबतो. फोटो हातात आला की आधी एक वाक्य लिहायचं: यातून काय गेलं तर हा फोटो त्या गोष्टीचा राहणार नाही? मग त्या सगळ्याभोवती एक चौकट आखायची, तिची रुंदी-उंची मोजायची, आणि ती सामाईक भागात बसते का ते बघायचं. बसली तर आकडे भरायचे. नाही बसली तर दुसरा फोटो शोधायचा. आणि शेवटी तिन्ही आकार शेजारी-शेजारी ठेवून, ज्याने मूळ फोटो पाहिलेला नाही अशा कोणाला तरी फक्त उभा दाखवायचा आणि विचारायचं, 'इथे काय चाललंय?' उत्तर लिहिलेल्या वाक्याशी जुळलं तर काम झालं.